अंदाजपत्रक तपासताना: परिमाण गुणिले दर, आणि गोषवाऱ्यातून गळालेला आकस्मिक खर्च

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि नुकतेच रुजू झालेले स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक यांच्या हातात कधी ना कधी एखाद्या कामाचं अंदाजपत्रक येतं. आठ-दहा पानांचा तो गठ्ठा पाहून बहुतेक जण शेवटच्या पानावरची एकूण रक्कम वाचतात आणि सही कुठे करायची ते विचारतात. पण कामाच्या मध्यात पैसे संपवणाऱ्या चुका बऱ्याचदा त्याच्या आधीच्या पानांवर असतात. त्या पकडायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कॅल्क्युलेटर, पेन्सिल आणि तासभर शांत बैठक एवढं पुरतं.

इथे फक्त दोन गोष्टी बघू. एक म्हणजे परिमाण आणि दर यांचा गुणाकार, दुसरी म्हणजे आकस्मिक खर्चाची बेरजेत न धरलेली रक्कम.

उदाहरण म्हणून तापीच्या खोऱ्यातलं, अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं एखादं गाव धरा. जिल्हा परिषद शाळेला ८० मीटर वॉल कंपाउंड बांधायचं आहे. खालचे दर हिशोब समजावा म्हणून घेतलेत, ते कुठल्या दरसूचीतले नाहीत. भरावासारख्या लहान बाबी सोडून दिल्यात. गोषवारा असा आला आहे:

| बाब | परिमाण | एकक | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| १. पायाचं खोदकाम | ५४.०० | घ.मी. | २१० | ११,३४० |
| २. काँक्रीट बेड | ९.०० | घ.मी. | ५,४०० | ४८,६०० |
| ३. दगडी बांधकाम | ३७.८० | घ.मी. | ४,८५० | १,३८,३३० |
| ४. वीट बांधकाम | २७.६० | घ.मी. | ७,२०० | १,९८,७२० |
| ५. दोन्ही बाजूंना प्लास्टर | २४०.०० | चौ.मी. | ३१० | ५९,५२० |
| ६. कोपिंग | १.८० | घ.मी. | ६,८०० | १२,२४० |
| ७. रंगकाम | २४०.०० | चौ.मी. | ४८ | ११,५२० |
| ८. लोखंडी गेट | १८०.०० | किलो | ११५ | २०,७०० |
| बेरीज | | | | ५,००,९७० |
| जीएसटी १८ टक्के | | | | ९०,१७४.६० |
| एकूण | | | | ५,९१,१४४.६० |

"भाऊ, बेरीज तं बराबर शे ना?" असं सरपंच विचारतात. हो, बेरीज बरोबर आहे. रकमेच्या रकान्यातले आठही आकडे मिळवले तर ५,००,९७० च येतात. म्हणूनच ही चूक निसटते. बेरीज जुळली की कागद बरोबर असं आपण धरून चालतो, आणि ती बेरीज ज्या रकमांची आहे त्या रकमा पुन्हा कोणी काढून बघत नाही.

पहिली पायरी: आधी नजरेने अंदाज, मग कॅल्क्युलेटर

प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवा आणि आकडे गोल करून मनातल्या मनात गुणाकार करा. तिसरी ओळ पाहा. ३७.८० म्हणजे जवळपास ४०, आणि ४,८५० म्हणजे जवळपास ५,०००. गुणाकार दोन लाख. दोन्ही आकडे आपण थोडे वाढवून घेतलेत, तेव्हा खरी रक्कम दोन लाखांच्या जरा आत यायला हवी. कागदावर १,३८,३३० आहे. हा फरक "जरा आत" मधे बसत नाही. ओळीसमोर पेन्सिलने खूण करा.

पाचवी ओळ: २४० चौरस मीटर आणि दर ३१०. दर नुसता ३०० धरला तरी ७२,००० होतात. कागदावर ५९,५२०. इथेही खूण.

बाकीच्या ओळी अंदाजात बसतात, पण तेवढ्यावर थांबू नका. कॅल्क्युलेटर घेऊन आठही ओळींचा गुणाकार पुन्हा करा आणि आलेली रक्कम छापील रकमेशेजारी पेन्सिलने लिहा. नजरेच्या अंदाजाला मोठी चूक सापडते, दोन-चार हजारांची सापडत नाही. शक्य असेल तर एकाने परिमाण आणि दर मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने गुणाकार करावा. शेवटच्या रकान्यातली रक्कम आधी वाचून मग गुणाकार केला, की आलेला आकडा तसाच असल्याचा भास होतो. म्हणून रक्कम हाताने झाकून ठेवलेली बरी.

आपल्या उदाहरणात तिसरी ओळ १,८३,३३० आणि पाचवी ७४,४०० येते. बाकी सहा ओळी बरोबर आहेत.

दुसरी पायरी: चूक कुठून आली ते शोधणं

नवख्या माणसाला ही पायरी फालतू वाटते. चूक सापडली, आकडा बदलला, झालं काम. पण माझ्या मते तपासणीचं खरं मोल याच पायरीत आहे, कारण चुकीचं मूळ कळलं तर तिच्या जोडीच्या चुका कुठे शोधायच्या ते कळतं.

तिसऱ्या ओळीचा फरक काढा: १,८३,३३० वजा १,३८,३३०, म्हणजे ४५,०००. याला ९ ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, तर खऱ्या आणि चुकीच्या आकड्यातल्या फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी तसंच होतं. अर्थात योगायोगानेही ९ ने भाग जाऊ शकतो, म्हणून हा पुरावा नव्हे, पण बघायचं कुठे ते सांगतो. आणि इथे नीट पाहिलं की दिसतंच: १,८३ चं १,३८ झालंय. आठ आणि तीन यांची अदलाबदल. उलटा भागाकारही करून पाहा. १,३८,३३० ला दराने भागलं तर २८.५२ येतात आणि परिमाणाने भागलं तर ३,६५९.५२. या दोन्ही आकड्यांना मोजमाप पत्रकात किंवा दराच्या पानावर काही ठावठिकाणा नाही. म्हणजे गुणाकार बरोबर झाला होता, रक्कम उतरवून घेताना बोट चुकलं.

आता पाचवी ओळ. फरक ७४,४०० वजा ५९,५२०, म्हणजे १४,८८०. याला ९ ने भाग जात नाही, तेव्हा अदलाबदल नाही. छापील रकमेला दराने भागा: ५९,५२० भागिले ३१० बरोबर १९२. नेमका पूर्णांक आला, तेव्हा हे १९२ चौरस मीटर कुठून तरी आलेले आहेत. मोजमाप पत्रक उघडा. प्लास्टरचं मोजमाप ८० मीटर गुणिले दोन बाजू गुणिले १.५० मीटर उंची, म्हणजे २४०. उंची १.५० ऐवजी १.२० धरली तर होतात १९२. आता गोष्ट उलगडते. पहिल्या मसुद्यात भिंत १.२० मीटर उंच होती. कोणीतरी मागणी केली, उंची १.५० झाली. परिमाण बदललं, पण रकमेच्या घरात सूत्र नव्हतं, नुसता टाईप केलेला आकडा होता. तो जुनाच राहिला.

हे कळल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: उंचीवर अवलंबून असलेल्या बाकीच्या बाबी बदलल्या का? वीट बांधकाम ८० गुणिले ०.२३ गुणिले १.५०, म्हणजे २७.६०. बदललंय. रंगकाम २४०, तेही बदललंय. म्हणजे एकटं प्लास्टर मागे राहिलं. नुसता आकडा दुरुस्त करून पुढे गेलो असतो तर हा प्रश्न सुचलाच नसता.

अंदाजपत्रक संगणकावर मिळालं तर हे काम सोपं होतं. परिमाण C रकान्यात, दर D मधे आणि रक्कम E मधे आहे असं धरा. शेजारच्या दोन रिकाम्या रकान्यांत ही दोन सूत्रं टाकून खालपर्यंत ओढा:

```
=E5-ROUND(C5*D5,2)
=ISFORMULA(E5)
```

पहिल्यात शून्याऐवजी काही आलं तर गुणाकार चुकलाय. दुसऱ्यात FALSE आलं तर ती रक्कम हाताने टाईप केलेली आहे, आणि आज बरोबर असली तरी उद्या परिमाण बदलल्यावर ती जुनीच राहणार. बेरजेच्या घरावरही क्लिक करून बघा. मधे नवी ओळ घातली असेल आणि SUM च्या पल्ल्यात ती आली नसेल, तर एक अख्खी बाब बेरजेबाहेर राहते.

गुणाकार बरोबर, तरीही ओळ चूक

एक सापळा असा आहे की कॅल्क्युलेटर काहीच दाखवत नाही. आपल्याकडे खडी, मुरूम, वाळू, जेसीबीचं खोदकाम यांचे भाव ब्रासमधे बोलले जातात. अंदाजपत्रकात परिमाण घनमीटरमधे असतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. गावातल्या जेसीबीवाल्याचा ब्रासचा भाव ५४ घनमीटरला तसाच लावला, तर गुणाकार अचूक येईल आणि रक्कम जवळपास पावणेतीन पट फुगेल. खरं तर ५४ घनमीटर म्हणजे १९ ब्रासच्या आसपास. म्हणून दराच्या पानावरचं एकक आणि मोजमाप पत्रकावरचं एकक समोरासमोर ठेवून जुळवा. गेटच्या ओळीतही तेच. वजन किलोत आणि दर क्विंटलचा, किंवा उलट, असं झालं तर फरक शंभर पटींचा पडतो.

तिसरी पायरी: बेरजेवर काय काय चढवलंय

दुरुस्त रकमांची बेरीज येते ५,६०,८५०. छापील बेरजेपेक्षा ५९,८८० जास्त. आता गोषवाऱ्याचा शेवटचा भाग, ज्याला कार्यालयात रिकॅप म्हणतात. कामाच्या किमतीवर जीएसटी, आकस्मिक खर्च, कामगार उपकर, विमा, साहित्य चाचणी असं बरंच काही इथे चढतं. कोणत्या कामाला काय लागू आहे ते खात्याच्या परिपत्रकावरून ठरतं. आपण आकस्मिक खर्चापुरतंच बघू.

तो धरलाय का हे शोधायला शीर्षक वाचणं पुरत नाही. कधी "आकस्मिक खर्च ४ टक्के" अशी ओळ असते, समोर रक्कमही असते, पण ती एकूण बेरजेत गेलेलीच नसते. म्हणून उलटं काढा. शेवटच्या एकूण रकमेतून बाबींची बेरीज वजा करा आणि उरलेल्याला त्याच बेरजेने भागा:

५,९१,१४४.६० वजा ५,००,९७० म्हणजे ९०,१७४.६०. याला ५,००,९७० ने भागलं की ०.१८, म्हणजे बरोबर १८ टक्के. याचा अर्थ जीएसटीशिवाय एक रुपयाही चढवलेला नाही. ओळ छापलेली असो वा नसो, आकस्मिक खर्च एकूणात नाही.

हे बहुतेकदा जुन्या कामाचा गोषवारा उचलून नव्या कामाला वापरताना होतं. क्वचित मुद्दामही होतं. मंजूर निधी सहा लाख आहे आणि कागद सहाच्या आत बसवायचा आहे, मग जी रक्कम कुठल्याच विटेशी किंवा दगडाशी बांधलेली नाही ती आधी कापली जाते.

टक्केवारी साधारण ३ ते ५ च्या दरम्यान असते. तुमच्या योजनेला किती लागू आहे आणि ती कामाच्या मूळ किमतीवर काढायची की जीएसटी मिळवून, हे चालू परिपत्रकात पाहूनच ठरवा. उदाहरणात ४ टक्के, मूळ किमतीवर, असं धरू. क्रम मात्र चुकवू नका. आधी ओळी दुरुस्त करायच्या, मग टक्का काढायचा. चुकीच्या ५,००,९७० वर ४ टक्के काढले तर २०,०३८.८० येतात, दुरुस्त ५,६०,८५० वर २२,४३४. ओळी तशाच ठेवून नुसती राहिलेली रक्कम घुसवली, तर गुणाकाराची चूक तिच्यातही उतरते.

दुरुस्त हिशोब असा: ५,६०,८५० अधिक जीएसटी १,००,९५३ अधिक आकस्मिक २२,४३४, एकूण ६,८४,२३७. छापील आकड्यापेक्षा ९३ हजारांनी जास्त.

"मग कमी आकड्यातच काम होऊ द्या की, पैसे वाचतील," असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. वाचत नाहीत. ठेकेदाराचं देयक अंदाजपत्रकाच्या रकमेच्या रकान्यावरून निघत नाही. जागेवर झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत नोंदवलं जातं आणि त्याला दराने गुणून देयक बनतं. दगडी बांधकाम ३७.८० घनमीटर झालं तर ४,८५० च्या दराने १,८३,३३० च द्यावे लागतील, मग कागदावर १,३८,३३० छापलेले का असेनात. निविदेच्या दरात थोडं कमी-जास्त होईल, पण चूक भरून निघणार नाही. ती फक्त देयकाच्या दिवसापर्यंत लपून राहते. तोवर पाया आणि दगडी काम झालेलं असतं, आणि अपुरं राहतं ते प्लास्टर किंवा गेट.

आकस्मिक खर्च कुठवर पुरतो

ही रक्कम ठेकेदाराची नसते. ती कार्यालयाकडे राहते, आधी दिसू न शकलेल्या किरकोळ खर्चासाठी, आणि तो खर्चही सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने करायचा असतो. अंदाजपत्रकातली चूक झाकायला ती नाही. आणि ती किती लहान आहे हे आपल्या काळ्या जमिनीवर लगेच कळतं.

तापीकाठची काळी कापशी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवता येत नाही, खाली मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत जावं लागतं. अंदाजपत्रकात खोदाई ०.९० मीटर धरलीय. समजा मुरूम १.२० मीटरवर लागला. जादा ०.३० मीटरची खोदाई ८० गुणिले ०.७५ गुणिले ०.३०, म्हणजे १८ घनमीटर, तिचे ३,७८०. त्या खोलीत वाढणारं दगडी बांधकाम ८० गुणिले ०.४५ गुणिले ०.३०, म्हणजे १०.८० घनमीटर, त्याचे ५२,३८०. मिळून ५६,१६०, तेही जीएसटी न धरता. आपल्या हाती आकस्मिक म्हणून २२,४३४ आहेत. ८० मीटरपैकी ३२ मीटरही पुरे होणार नाहीत.

तेव्हा आकस्मिक खर्च धरलाय म्हणून पायाच्या खोलीकडे दुर्लक्ष करू नका. अंदाजपत्रकाच्या वर्णनात चाचणी खड्ड्यांचा उल्लेख आहे का ते पाहा. ८० मीटर लांबीत दोन टोकांना आणि मधे असे तीन खड्डे घेतले तरी मुरूम कुठे लागतो ते आधीच कळतं आणि खरी खोली मोजमापातच घेता येते. खड्डे न घेता ०.९० लिहिलं असेल तर विचारा, ही खोली कशावरून धरली. खोली खरोखर वाढणार असेल तर मार्ग सुधारित अंदाजपत्रकाचा.

शेवटची पायरी: चूक कळवायची कशी

मूळ प्रतीवर खाडाखोड करू नका. तपासणीची प्रत वेगळी काढा, चुकीच्या ओळीसमोर पेन्सिलने बरोबर रक्कम लिहा आणि एका पानाचं टिपण तयार करा. त्यात बाब क्रमांक, छापील रक्कम, फेरगणना केलेली रक्कम, फरक आणि चुकीचं संभाव्य कारण असावं. उदाहरणार्थ: "बाब ५, प्लास्टर. छापील ५९,५२०. २४० गुणिले ३१० प्रमाणे ७४,४००. फरक १४,८८०. छापील रक्कम १९२ चौ.मी. ला जुळते, म्हणजे उंची १.२० मीटरचं जुनं परिमाण राहिल्याचं दिसतं." असं लिहिलं की शाखा अभियंत्याला पाच मिनिटांत फाईल उघडून पडताळता येतं, आणि बोलणं आरोपाच्या अंगाने जात नाही. "अंदाजपत्रकात चुका आहेत, दुरुस्त करावे" एवढंच लिहिलेलं पत्र बहुतेकदा फाईलला टाचलं जातं आणि तिथेच राहतं.

आकस्मिक खर्चासाठी वेगळा मुद्दा लिहा: एकूण रकमेत बाबींच्या बेरजेवर फक्त १८ टक्के चढलेले दिसतात, आकस्मिक खर्चाची तरतूद दिसत नाही, परिपत्रकाप्रमाणे ती लागू असल्यास दुरुस्त बेरजेवर धरावी.

वेळेचं भान ठेवा. हे टिपण तांत्रिक मान्यतेच्या आधी गेलं तर नवा गोषवारा छापून काम भागतं. प्रशासकीय मान्यता आधीच जुन्या ५.९१ लाखांच्या आकड्यावर झाली असेल, तर ६.८४ लाखांसाठी सुधारित प्रशासकीय मान्यता लागेल किंवा निधीत बसेल इतकी भिंतीची लांबी कमी करावी लागेल. लांबी कमी केली तर ८० ज्या ज्या ओळीच्या मोजमापात आहे त्या प्रत्येक ओळीचा गुणाकार पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासा.